खोली बदलून दिली, तरी तीच तक्रार पुन्हा येते: आवाज आणि अस्वच्छता यांच्या तक्रारींचे निवारण

समस्येचे स्वरूप असे आहे. पाहुणा रात्री रिसेप्शनला फोन करून सांगतो की खोलीत फार आवाज येत आहे किंवा खोली स्वच्छ नाही. रिसेप्शनवरील कर्मचारी क्षमा मागतो, संगणकावर रिकामी आणि तयार दिसणारी दुसरी खोली देतो, बेल बॉय सामान हलवतो आणि लॉगबुकमध्ये ‘रूम चेंज केला, गेस्ट ओके’ अशी नोंद होते. अर्ध्या तासाने तोच पाहुणा नव्या खोलीतून पुन्हा फोन करतो. तसे झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी जुन्या खोलीत उतरलेला नवा पाहुणा तीच तक्रार करतो. पन्नास-साठ खोल्यांच्या, खाली बँक्वेट हॉल असलेल्या आणि लग्नसराईत भरून वाहणाऱ्या हॉटेलांमध्ये हा प्रकार इतक्या नियमितपणे घडतो की कर्मचाऱ्यांना त्यात काही वावगे वाटेनासे होते.

याची कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी हाताळावी लागतात. पहिले कारण असे की नवी खोली निवडताना ती केवळ रिकामी आहे का, एवढेच पाहिले जाते. पाहुण्याला ज्या गोष्टीचा त्रास झाला, ती गोष्ट नव्या खोलीत नाही ना, हे कोणी तपासत नाही. दुसरे कारण असे की पाहुणा हलला की तक्रार मिटली असे धरले जाते आणि जुनी खोली सकाळी साफ होऊन पुन्हा विक्रीला जाते. पहिल्या कारणामुळे एकाच पाहुण्याला दोनदा त्रास होतो, दुसऱ्यामुळे एकच त्रास वेगवेगळ्या पाहुण्यांना होत राहतो.

पाहुण्याला दुसऱ्यांदा होणारा त्रास पहिल्यापेक्षा पुष्कळ महाग पडतो. बिटनर, बूम्स आणि टेट्रॉ या संशोधकांनी विमानकंपन्या, हॉटेले आणि रेस्टॉरंटे यांच्या ग्राहकांनी सांगितलेल्या प्रसंगांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध केला. ग्राहकाच्या मनात कटुता राहते ती बरेचदा मुळातल्या चुकीमुळे नव्हे, तर ती चूक सांगितल्यावर कर्मचारी जसे वागले त्यामुळे, असे त्यात दिसून आले. मध्यरात्री दोनदा बॅग भरून मजला बदललेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी मोफत नाश्ता देऊन काही साधत नाही. म्हणून खोली एकदाच बदलायची आणि ती बरोबर बदलायची, हा या संपूर्ण प्रक्रियेचा गाभा मानावा, मग त्यासाठी पाहुण्याला दहा-पंधरा मिनिटे अधिक थांबवावे लागले तरी चालेल.

एक नमुना प्रसंग

पुढील विवेचन नेमके व्हावे म्हणून एक काल्पनिक, परंतु अगदी नेहमीचा प्रसंग घेऊ. कोल्हापुरातील एक हॉटेल आहे. पहिल्या मजल्यावर बँक्वेट हॉल असून दुसऱ्या ते चौथ्या मजल्यापर्यंत खोल्या आहेत. शनिवारची रात्र आहे आणि हॉलमध्ये लग्नाचे रिसेप्शन सुरू आहे. महालक्ष्मीच्या दर्शनासाठी आलेले एक दांपत्य आणि त्यांच्या सत्तरीच्या आई २०४ क्रमांकाच्या खोलीत उतरले आहेत. खोलीचे भाडे ४,५०० रुपये आहे. रात्री ९ वाजून ५० मिनिटांनी त्यांचा फोन येतो. खालच्या संगीतामुळे पलंग थरथरतो आहे, बाथरूममध्ये केस पडलेले आहेत आणि उशीच्या अभ्र्यावर डाग आहे, असे ते सांगतात.

येथे बहुतेक ठिकाणी पहिले उत्तर चुकते. ‘सर, दहा वाजता बंद होईल’ असे सांगण्याचा मोह होतो, कारण रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी असते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये ही बंदी घालताना बँक्वेट हॉलसारख्या बंदिस्त जागेतल्या अंतर्गत वापराला सवलत ठेवलेली आहे, आणि राज्य शासनाला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. म्हणजे दहा वाजता संगीत थांबेलच, अशी खात्री रिसेप्शनवरील कर्मचाऱ्याला नसते. जे आपल्या हातात नाही त्याचे आश्वासन दिले आणि दहा वाजून दहा मिनिटांनी ढोल तसाच वाजत राहिला, तर पाहुण्याच्या लेखी ती दुसरी चूक ठरते. आणि संगीत नियमात बसते की नाही, हा प्रश्न झोप न लागणाऱ्या आजींच्या दृष्टीने गौणच आहे.

टाळण्यासारखी आणखी तीन वाक्ये आहेत. ‘आजपर्यंत या खोलीबद्दल कोणी तक्रार केली नाही’ या वाक्यात पाहुणा खोटे बोलतो आहे, असा अर्थ दडलेला असतो. ‘आज लग्न आहे, त्याला आम्ही काय करणार’ असे म्हणणे म्हणजे हॉलचे भाडे हॉटेलच घेते हे विसरणे आहे. ‘हाऊसकीपिंगवाल्यांना किती वेळा सांगितले’ असे म्हणून स्वतःच्याच सहकाऱ्याला पुढे करण्याने पाहुण्याचा कर्मचाऱ्यावरचा विश्वास तर वाढत नाहीच, उलट संस्थेवरचाही जातो. त्याऐवजी एवढेच सांगावे: ‘साहेब, तुम्हाला त्रास झाला याबद्दल मनापासून क्षमा मागतो. आमचे ड्युटी मॅनेजर पाच मिनिटांत खोलीवर येतील. आईंना तोवर खालच्या लाउंजमध्ये बसायचे असेल तर मी कोणाला तरी मदतीला पाठवतो.’ या वाक्यांत क्षमा आहे, कोण येणार आणि केव्हा येणार हे आहे, आणि आत्ता लगेच काय करता येईल तेही आहे. कारणमीमांसा नाही. ती पाहुण्याने विचारली तरच सांगावी.

खोलीवर जाऊन काय पाहायचे

ड्युटी मॅनेजरने खोलीवर प्रत्यक्ष जाणे आवश्यक आहे; फोनवरून तक्रारीचा प्रकार कळत नाही. ‘आवाज येतो’ या दोन शब्दांत पाच-सहा निरनिराळे त्रास सामावलेले असतात आणि त्यांवरचे उपाय परस्परांहून अगदी भिन्न असतात. म्हणून पाहुण्याची परवानगी घेऊन दार-खिडक्या लावाव्यात, एसी आणि टीव्ही बंद करावेत आणि पलंगाच्या उशाशी एक-दोन मिनिटे शांत उभे राहावे. दारात उभे राहून ऐकलेला आवाज आणि उशीवर डोके टेकल्यावर येणारा आवाज सारखे नसतात. मोबाइलमधील आवाज मोजण्याचे अ‍ॅप या कामी वापरता येते, मात्र केवळ दोन खोल्यांची तुलना करण्यापुरते. त्यातला आकडा पाहुण्यापुढे पुरावा म्हणून धरू नये.

आवाज हवेतून येतो आहे की इमारतीतून, हा पहिला प्रश्न आहे. शेजारच्या खोलीतले बोलणे, कॉरिडॉरमधली वर्दळ, रस्त्यावरचे हॉर्न हे हवेतून येतात. ते दाराखालच्या फटीतून, कनेक्टिंग दारातून किंवा खिडकीच्या सैल झालेल्या रबरातून आत शिरतात आणि त्या फटी बुजवल्या की कमी होतात. डीजेचा बेस, पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर, जनरेटर यांचा आवाज मात्र स्लॅब, कॉलम आणि पाइप यांमधून चढतो. तो कानापेक्षा अंगाला अधिक जाणवतो, पलंगावर किंवा भिंतीवर हात ठेवला तर कंप लागतो, आणि पडदे जाड केल्याने त्यात काही फरक पडत नाही. आपल्या प्रसंगात पलंग थरथरतो आहे, तेव्हा हा दुसरा प्रकार आहे. याचा अर्थ असा की शेजारची २०५ किंवा त्याच रेषेतली ३०४ देऊन उपयोग होणार नाही, कारण त्या खोल्या त्याच कॉलमना आणि त्याच पाइपांच्या शाफ्टला जोडलेल्या आहेत.

अस्वच्छतेच्या बाबतीतही थोडे थांबून पाहावे. बाथरूममधले केस आणि अभ्र्यावरचा डाग बहुधा घाईचे लक्षण असतात. गादीच्या शिवणीला, हेडबोर्डच्या मागे किंवा चादरीवर बारीक काळे ठिपके दिसले, तर मात्र तो ढेकणांचा संशय समजावा आणि प्रकरण वेगळ्या वाटेने न्यावे. अशा वेळी शेजारच्या, वरच्या किंवा खालच्या खोलीत पाहुण्याला हलवायचे नाही, कारण ढेकूण भिंतीतल्या फटी आणि वायरिंगच्या मार्गांनी तेथेही पोहोचलेले असू शकतात. पाहुण्याचे कपडे गरम ड्रायरमध्ये फिरवून देण्याची तयारी दाखवावी, खोली तत्काळ बंद करावी आणि चारही बाजूंच्या खोल्या कीटकनियंत्रण करणाऱ्यांकडून तपासून घ्याव्यात. याउलट, तक्रार केवळ अस्वच्छतेची असेल, आवाज नसेल आणि पाहुणा त्याच खोलीत राहायला तयार असेल, तर खोली बदलण्याचा आग्रह धरू नये. दोन माणसे पाठवून, पाहुणे खाली चहा घेत असताना, सुपरवायझरच्या देखरेखीखाली वीस मिनिटांत सर्व चादरी, टॉवेल आणि पेले बदलून बाथरूम पुन्हा धुणे हा अनेकदा अधिक सोयीचा मार्ग असतो. निवड पाहुण्याची असावी.

नवी खोली कशी निवडावी

संगणकावर त्या रात्री चार खोल्या रिकाम्या दिसतात. २०५ शेजारची असल्यामुळे बाद होते. ४०४ दोन मजले वर आहे, परंतु त्याच रेषेत आहे आणि तिच्या डोक्यावर गच्चीतला प्रेशर पंप आहे, जो पहाटे नळ सुरू होऊ लागले की दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो. ३११ मागच्या विंगमध्ये आहे, पण लिफ्टला आणि सर्व्हिस पॅन्ट्रीला लागून आहे. तेथे सकाळी सहापासून ट्रॉल्यांची खडखड सुरू होते. ३१६ मागच्या विंगच्या टोकाला, हॉलपासून दूर आणि पार्किंगच्या बाजूला आहे. ती वरच्या श्रेणीची, ५,५०० रुपये भाड्याची खोली आहे. म्हणून ३१६ ठरते.

येथे संगणकावरील ‘व्हेकंट रेडी’ या नोंदीवर विसंबून चावी द्यायची नाही. ती नोंद फक्त एवढेच सांगते की खोली कधीतरी साफ झाली आणि त्यानंतर विकली गेली नाही. फ्लोअर सुपरवायझर किंवा रात्री ती जबाबदारी ज्याच्याकडे असेल त्याने आत जाऊन, अस्वच्छतेची तक्रार केलेल्या पाहुण्याच्या नजरेने खोली पाहिली पाहिजे. दिवे सगळे लावून चादर उलटून पाहावी, उशांचे अभ्रे दोन्ही बाजूंनी पाहावेत, शॉवरखालच्या जाळीत आणि कमोडच्या मागे केस आहेत का ते पाहावे, पेले प्रकाशासमोर धरावेत, किटलीच्या आत पाहावे. मग सर्व बंद करून उशाशी उभे राहून ऐकावे.

आपल्या प्रसंगात ३१६ पाच-सहा दिवस विकली गेलेली नाही आणि दार उघडताच बाथरूममधून गटाराचा वास येतो. हा दोष फार सामान्य आहे आणि तो साफसफाईचा नसतो. फ्लोअर ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहते, तेच ड्रेनेजमधला वास वर येण्यापासून अडवते. खोली बरेच दिवस बंद राहिली की ते पाणी वाळते आणि वास मोकळा होतो. अशा वेळी रूम फ्रेशनर मारला तर दहा मिनिटांनी दोन्ही वास एकत्र येतात. ट्रॅपमध्ये आणि बेसिनमध्ये एक-दोन मग पाणी ओतावे, फ्लश एकदा चालवावा, एक्झॉस्ट सुरू ठेवून खिडकी उघडावी. पाच-सात मिनिटांत वास जातो. पाणी ओतल्यावरही वास राहिला, तर दोष पाइपात आहे आणि ती खोली द्यायची नाही. रिकाम्या खोल्यांत दर दोन-तीन दिवसांनी पाणी सोडण्याचे काम हाऊसकीपिंगच्या यादीत कायमचे असावे, एवढे येथे नोंदवतो.

सुपरवायझर हे करत असताना ड्युटी मॅनेजरने पाहुण्यांना प्रामाणिकपणे सांगावे: ‘मागच्या बाजूची खोली आम्ही स्वतः तपासून घेत आहोत, सव्वादहापर्यंत तुम्हाला तेथे नेतो.’ वेळ सांगताना पाच मिनिटे जादाच धरावीत. आजींना दोनदा जिन्याने किंवा लिफ्टने फिरवू नये. एक्स्ट्रा बेड आधीच ३१६ मध्ये लावून घ्यावा, म्हणजे पाहुणे आत गेल्यावर पुन्हा दार वाजणार नाही.

स्थलांतर आणि त्यामागची कागदोपत्री कामे

सामान पाहुण्यांच्या समोरच हलवावे. ते लाउंजमध्ये थांबलेले असतील तर निदान एकाने खोलीत असावे. निघण्यापूर्वी लॉकर, फ्रिज, उशीखालची जागा, चार्जरचे पॉइंट आणि बाथरूमचा कप्पा पाहुण्यांसह पाहून घ्यावा. फ्रिजमध्ये ठेवलेले इन्सुलिन किंवा दुसरे औषध विसरले गेले तर ते पहाटे आठवते. जुने की कार्ड परत घ्यावे. अनेक दारांची कुलुपे थेट संगणकाशी जोडलेली नसतात, त्यामुळे संगणकावर खोली बदलली तरी जुने कार्ड त्याची मुदत संपेपर्यंत किंवा त्या कुलपात नवे कार्ड लागेपर्यंत चालूच राहते.

संगणकात ‘रूम मूव्ह’ करावे. जुन्या खोलीतून चेक-आउट आणि नव्या खोलीत चेक-इन असे कधीही करू नये. तसे केल्यास आगाऊ भरलेली रक्कम एका बिलावर आणि जेवणाचा खर्च दुसऱ्यावर राहतो आणि सकाळी काउंटरवर पाहुण्यासमोर हिशेब जुळवत बसावे लागते. खोली वरच्या श्रेणीची असल्यामुळे भाड्याचा दर आपोआप बदलला का, हे त्याच वेळी पाहावे. खोली ३१६ ची असली तरी दर ४,५०० चाच राहिला पाहिजे. नाईट ऑडिटमध्ये त्या रात्रीचे भाडे बिलावर चढते, म्हणून दरातला बदल त्यापूर्वी झालेला असावा.

याशिवाय ज्या ज्या ठिकाणी २०४ हा आकडा लिहिलेला आहे, तेथे तो बदलावा लागतो. रूम सर्व्हिसला दिलेली दुधाची ऑर्डर, सकाळचा वेक-अप कॉल, लाँड्रीची पिशवी, नाश्त्याची यादी, गाडीचा क्रमांक लिहिलेली पार्किंगची वही, अभ्यागतांच्या रजिस्टरमधली नोंद, यांपैकी प्रत्येक ठिकाणी. टेलिफोन यंत्रणेत लावलेला वेक-अप कॉल कित्येक ठिकाणी पाहुण्याबरोबर हलत नाही. तो पहाटे पाच वाजता रिकाम्या २०४ मध्ये वाजतो आणि काकडआरतीला निघायचे असलेले कुटुंब झोपून राहते. खोली उत्तम निवडूनही तक्रार पुन्हा येण्याचे हे एक कारण आहे आणि ते केवळ दोन मिनिटांच्या कामाने टळते.

त्याच सुमारास हॉलकडेही जायला हवे, कारण २०४ मधले पाहुणे हलले तरी २०६ मधले तेथेच आहेत. बँक्वेट मॅनेजरमार्फत यजमानांना विनंती करून बेस कमी करायला लावावा, हॉलची दारे बंद ठेवावीत. सबवूफर थेट फरशीवर किंवा लाकडी स्टेजवर ठेवलेला असेल तर त्याखाली जाड रबराचे किंवा फोमचे आच्छादन घातल्याने वर जाणारा कंप काही प्रमाणात घटतो. संपूर्ण जाणार नाही, हे मनात ठेवावे. संगीत किती वाजता थांबेल आणि बेस किती ठेवायचा, हे हॉलच्या करारात आधीच लिहिलेले असेल तर ही विनंती भांडण न होता मान्य होते. नसेल तर रात्री दहा वाजता वधूपित्याशी त्यावर बोलण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

हॉटेल पूर्ण भरलेले असेल तर

लग्नसराईत एकही खोली रिकामी नसणे हे अगदी शक्य आहे. तेव्हा तसे स्पष्ट सांगावे आणि पर्याय पुढे ठेवावेत. खोलीची स्वच्छता तर लगेच होऊ शकते. आवाजाबाबत, त्याच लग्नाच्या वऱ्हाडापैकी कोणी मागच्या विंगमध्ये असेल तर खोल्यांची अदलाबदल करता येते का, हे पाहावे. जी मंडळी स्वतःच हॉलमध्ये नाचत आहेत त्यांना हॉलवरच्या खोलीचा त्रास सहसा नसतो, आणि विनंती नीट केली तर ती बहुधा मान्य होते. तेही जमले नाही, तर शेजारच्या समकक्ष हॉटेलात स्वखर्चाने सोय करून, गाडीने पोहोचवून, सकाळी परत आणावे. त्यासाठी त्या हॉटेलशी आधी बोलणे झालेले असावे लागते. इअरप्लग देणे हा उपाय नव्हे. पाहुण्याने मागितले तर जरूर द्यावेत, पण आपण होऊन पुढे करू नयेत.

भरपाई

भरपाई झालेल्या नुकसानीच्या जातीची असावी, असे माझे मत आहे. या कुटुंबाचा संध्याकाळचा सुमारे एक तास गेला आणि मनस्ताप झाला, पण अकरापूर्वी ते शांत खोलीत झोपले. त्यांना वरच्या श्रेणीची खोली त्याच दरात, खोलीत गरम दूध आणि बिलात मर्यादित सवलत पुरेशी आहे. हेच कुटुंब रात्री एकपर्यंत जागे राहिले असते, तर त्या रात्रीचे संपूर्ण भाडे सोडणे योग्य ठरले असते, कारण खोलीचे भाडे ज्यासाठी द्यायचे ती झोपच त्यांना मिळाली नसती. ‘पुढच्या वेळी आलात की सवलत देऊ’ हे देवदर्शनाला वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या कुटुंबाला देण्यात अर्थ नाही. आणि ‘तुम्हीच सांगा, आम्ही काय करू’ असे विचारून पाहुण्याला घासाघीस करायला लावू नये. रक्कम आपण ठरवावी आणि त्याने मागण्यापूर्वी सांगावी.

सवलत १,५०० रुपये ठरली, तर ती भाड्याच्या ओळीतच कमी करावी, म्हणजे कर उरलेल्या रकमेवर लागतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. ४,५०० वर बिल ४,७२५ रुपये झाले असते, ते ३,००० वर ३,१५० रुपये होते. बिल निघून गेल्यावर सवलत द्यायची ठरली तर क्रेडिट नोट काढावी लागते, म्हणून हा निर्णय रात्रीच व्हावा.

तो रात्री होण्यासाठी रात्रपाळीच्या माणसाकडे अधिकार असावा लागतो. रिट्झ-कार्लटन या हॉटेलसमूहात प्रत्येक कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता एका पाहुण्यामागे २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा असते, हे या व्यवसायात सर्वश्रुत आहे. आपल्याकडच्या मध्यम हॉटेलला तेवढी रक्कम नको; श्रेणी वाढवणे, एक वेळचे जेवण, उशिरा चेक-आउट आणि एका रात्रीच्या भाड्यापर्यंत सवलत, एवढे लेखी अधिकार पुरतात. ‘सकाळी जीएम साहेब आले की विचारतो’ असे सांगावे लागणारा नाईट मॅनेजर कितीही सौजन्यशील असला, तरी पाहुण्याच्या दृष्टीने तो निरोप्या ठरतो. सवलतीसाठी मुद्दाम तक्रार करणारे पाहुणेही असतात, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे खोलीवर जाऊन पाहणे आणि पूर्वीच्या मुक्कामांच्या नोंदी तपासणे, समोरच्यावर संशय बोलून दाखवणे नव्हे.

पाठपुरावा केव्हा करावा

खोली बदलल्यावर वीस मिनिटांनी फोन करून विचारपूस करावी, असे शिकवले जाते. आवाजाच्या तक्रारीत हे जसेच्या तसे पाळू नये, कारण रात्री अकराला वाजणारा खोलीतला फोन म्हणजे त्यांना उठवणारा आणखी एक आवाज असतो. नव्या खोलीत पोहोचवतानाच दारात दोन मिनिटे थांबून, ‘आवाज ऐकून घ्या, बाथरूम पाहून घ्या, मी येथेच आहे’ असे सांगावे आणि त्यांच्या तोंडून ठीक आहे असे ऐकूनच निघावे. त्यानंतर भेट सकाळी नाश्त्याच्या वेळी, प्रत्यक्ष. सकाळच्या पाळीला लॉगबुकमधून आणि तोंडीही कळवलेले असावे, म्हणजे काउंटरवरील मुलगी हसून ‘मुक्काम कसा झाला?’ असे अनभिज्ञपणे विचारणार नाही आणि हाऊसकीपिंग आठ वाजता दार वाजवणार नाही.

जुनी खोली

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते त्याकडे येऊ. पाहुणा गेल्यावर २०४ ‘व्हेकंट डर्टी’ होते, सकाळी साफ होते आणि दुपारी दोनला पुन्हा विकली जाते. तसे होऊ नये म्हणून रात्रीच तिला कारणासह रोखून ठेवावे. दुरुस्ती किंवा तपासणीवाचून ती विकता येणार नसेल तर ‘आऊट ऑफ ऑर्डर’, किरकोळ काम असून अडचणीच्या वेळी विकता येईल अशी असेल तर ‘आऊट ऑफ सर्व्हिस’. नोंदीत ‘तक्रार’ एवढाच शब्द न लिहिता ‘अभ्र्यावर डाग, बाथरूममध्ये केस, हॉलच्या बेसचा कंप’ असे तपशील लिहावेत आणि खोली मोकळी करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे, शक्यतो एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपरकडे, असावा.

केस आणि डाग यांचे मूळ बहुतेकदा वेळेच्या हिशेबात सापडते. शनिवारी एका लग्नाचे वऱ्हाड अकराला निघते आणि दुसरे दोनला येते. चाळीस खोल्या आणि चार अटेंडंट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा खोल्या आणि तीन तास येतात, म्हणजे एका खोलीला अठरा मिनिटे. चेक-आउट झालेली खोली नीट करायला याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. अशा वेळी अटेंडंट सर्वप्रथम जे सोडून देतो ते म्हणजे बाथरूम कोरडे पुसणे, आणि ओल्या फरशीला चिकटलेले केस ओले असताना दिसत नाहीत. पाणी वाळल्यावर, म्हणजे नेमके पाहुणा आल्यावर, ते दिसू लागतात. त्या अटेंडंटला बोलावून रागावण्याने पुढच्या शनिवारची अठरा मिनिटे वाढत नाहीत. शनिवारी दुपारपुरती दोन जादा माणसे, चेक-इनची वेळ टप्प्याटप्प्याने, किंवा सर्व खोल्या तपासणे अशक्य असेल तर निदान वृद्ध आणि लहान मुले असलेल्या बुकिंगच्या खोल्या सुपरवायझरने पाहणे, यांपैकी काहीतरी करावे लागते.

आवाजाचा दोष तर साफसफाईने जाणारच नाही. २०४ मध्ये बिघाड काहीच नाही. ती फक्त हॉलच्या डोक्यावर आहे. म्हणून तिचा उपाय विक्रीत करावा लागतो. बँक्वेट विभाग आठवड्याच्या कार्यक्रमांची यादी काढतो. ती दर सोमवारी रिझर्व्हेशनकडे जावी आणि ज्या रात्री हॉलमध्ये संगीत आहे त्या रात्री २०२ ते २०८ या खोल्या प्रथम वऱ्हाडालाच द्याव्यात, इतरांना शेवटी, आणि द्यावी लागलीच तर चेक-इनच्या वेळी स्पष्ट सांगून आणि दर कमी करून. तक्रारवही खोलीच्या क्रमांकानुसार ठेवली, तर महिनाअखेर असेच दुसरे दोषही दिसू लागतात. २११, ३११, ४११ या उभ्या रेषेत पहाटेच्या तक्रारी असतील तर शाफ्ट किंवा लिफ्ट पाहावी, एकाच मजल्यावर सलग खोल्यांत असतील तर पॅन्ट्री किंवा कॉरिडॉर, आणि एकट्या एका खोलीत असतील तर तिची खिडकी, कनेक्टिंग दार किंवा एसीच्या आऊटडोअर युनिटखालचे झिजलेले रबर.

दोष दूर केल्याचे इंजिनिअरिंगने कळवले तरी खोली त्या कागदावर मोकळी करू नये. ज्या वेळी तक्रार झाली त्याच वेळी तेथे जाऊन ऐकावे: बेसची तक्रार असेल तर हॉलमध्ये पुढचा कार्यक्रम असताना रात्री दहाला, पंपाची असेल तर पहाटे साडेपाचला. दुपारी तीनच्या तपासणीत २०४ ही हॉटेलातली सर्वांत शांत खोली वाटते.